मीठ खात्यात नाही

सोलापूर,
रविवार

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

तुझी गोष्ट पोचली, दोनदा वाचली. आई म्हणाली चांगलीय, एवढंच कळव. पण तू मला वाचायला दिलीस ती किराणा लाइनीतलं मला कळतं म्हणून, तेव्हा त्याच बाजूने लिहितो. गोष्ट धरण्यासारखी आहे. सोलापूरच्या पूर्व भागातला, म्हणजे तेलुगू विणकरांच्या वस्तीतला एक किराणा दुकानदार, मागावर काम करायला आलेला एक परप्रांती कामगार, त्याने जाताना ठेवलेली आभाराची चिठ्ठी आणि ती सतरा वर्षांनी हाताला लागते. यातलं काही बदलू नकोस. पण आज लिहिलीयस तशी ती कुठल्याही गावात घडेल. शिवाय वहीचा हिशेब तू चुकवलायस, आणि हिशेब चुकला की दुकानदार खोटा वाटायला लागतो.

आधी रकमेचं बघ. तुझ्या कामगाराची बाकी तू पाच हजार ठेवलीस. २००७ साली मागावरच्या परगावच्या माणसाचं खातं कुठलाही छोटा दुकानदार तिथवर जाऊ देत नाही. नवा माणूस आला की पहिले काही आठवडे रोखीने घेतो. मग कारखान्यातला जॉबर किंवा खोलीचा मालक सांगतो, "आपलाच माणूस आहे, द्या." तेव्हा पान उघडतं. बाकी किती वाढू द्यायची याचं माप म्हणजे त्याचा आठवड्याचा पगार. एक-दोन आठवड्यांचा पगार बुडाला तर दुकानदार सोसतो. त्याच्या वर गेलं की माल द्यायचा हात आखडतो, तोंडाने नाही म्हणत नाही. "तूरडाळ संपलीय, उद्या ये," असं म्हणतो. तुझा दुकानदार पाच हजारांपर्यंत गप्प बसला तर वाचक म्हणेल की हा दुकानदार नव्हे, संत आहे. मग चिठ्ठीत आभार मानायला काही उरतच नाही.

म्हणून मी तुला एक पान बसवून देतो. आकडे तुझ्या गोष्टीसाठी जुळवलेले आहेत, पण माल आणि माप खरं आहे. एका खोलीत तीन गडी, खातं एकाच्या नावावर. तिघे तेलंगणातले, सिरसिल्ल्याकडचे. तिकडेही मागच आहेत, आणि तिकडून इकडे विणकामाला येणं जुनंच आहे. ही माणसं भात खाणारी. तिघांना आठवड्याला दहा किलो तांदूळ लागतो, म्हणजे माणशी रोज अर्धा किलोला थोडा कमी. अंगमेहनतीच्या माणसाला तेवढा लागतोच. जाडा तांदूळ बारा रुपयांनी १२०. दीड किलो तूरडाळ ६०, किलोभर तेल ६०. चिंच, मिरचीपूड, चहा, काडेपेटी मिळून ४०. झाले २८०. पहिल्या आठवड्यात २८० नावे, २८० जमा, बाकी शून्य.

आता त्याच साली महाराष्ट्रात भारनियमन चालू होतं. मागावरचा पगार नगावर, म्हणजे जितक्या चादरी तितके पैसे. लाईट गेली की माग उभा, आणि उभ्या मागाला पगार नाही. इथून पुढे तुला एकही दु:खाचं वाक्य लिहायला लागत नाही, वहीच लिहिते. दुसऱ्या आठवड्यात २९० नावे, २०० जमा, बाकी ९०. तिसऱ्यात २७० नावे, १५० जमा, बाकी २१०. चौथ्यात २४० नावे, १०० जमा, बाकी ३५०. पाचव्यात १६० नावे, जमा काही नाही, बाकी ५१०. सहाव्यात ४० नावे, जमा काही नाही, बाकी ५५०. सातवा आठवडा नाही.

नुसती बाकी बघू नकोस, नावेच्या बाजूला माल कसा उतरत गेलाय ते बघ. चौथ्या आठवड्यात २४० झाले, कारण तूरडाळ दीड किलोवरून अर्ध्या किलोवर आली. पाचव्यात डाळही नाही, तेलही नाही. फक्त तांदूळ आणि वरचं चाळीसचं सामान, आणि त्यात चिंच आहेच. डाळ बंद आणि चिंच चालू, याचा अर्थ तेलंगणातल्या माणसाच्या खोलीत काय शिजत होतं हे जुना दुकानदार बघितल्याबरोबर सांगेल. चिंचेचं कोळ पाण्यात कालवायचं, त्यात कांदा, मिरची, मीठ घालायचं आणि भातावर ओतायचं. याला ते पच्ची पुलुसु म्हणतात. त्याला चूल लागत नाही, डाळ लागत नाही. एरवी ते जिभेच्या चवीने खातात. सलग दोन आठवडे तेच असलं की त्याचा अर्थ वेगळा होतो. तुझ्या दुकानदाराला हे पान बघून कळतं, तो तसं म्हणत मात्र नाही. तू "उपासमार" हा शब्द तीनदा लिहिलायस, तो तिन्ही ठिकाणी खोड.

एक बारीक गोष्ट. तुझ्या वहीत डावीकडे नावे आणि उजवीकडे जमा आहे. ती इंग्रजी पद्धत, कॉलेजात शिकवतात ती. आपल्या लाल वहीत जमा डावीकडे आणि नावे उजवीकडे. वही उंच आणि अरुंद, पुठ्ठ्यावर लाल कापड, शिलाईचा दोरा बाहेर दिसणारा. पानाच्या डोक्यावर श्री. रोजची देवघेव कीर्दीत, तिथून खतावणी करून माणसाच्या पानावर. वर्ष दिवाळीला बदलतं, जुनी बाकी नव्या वहीत ओढतात. आणि वहीत खाडाखोड चालत नाही. चुकलं तर एक आडवी रेघ मारून खाली पुन्हा लिहायचं, म्हणजे काय चुकलं होतं तेही दिसतं. हे शेवटच्या प्रसंगात लागणार आहे, लक्षात ठेव.

आता मीठ. वरच्या सामानात मी मीठ धरलं नाही ते तुझ्या ध्यानात आलं का? विसरलो नाही. चिंचेचं पाणी मिठाशिवाय होत नाही, म्हणजे मीठ घेतलं गेलंय, पण खात्यात नाही. तुझी गोष्ट इथे आहे.

दुकानदाराच्या आईला तू घरात बसवून ठेवलंस, तिला काही कामच नाही. तिला दुकानात आण. संध्याकाळी मुलगा मार्केट यार्डातून माल आणायला किंवा वसुलीला गेला की गल्ल्यावर ती बसते. कामगार पाळी सुटल्यावर दिवेलागणीला येतो आणि मीठ मागतो. आपल्याकडे बऱ्याच घरांत दिवेलागणीनंतर मीठ विकत नाहीत, लक्ष्मी जाते म्हणतात. पण दारात आलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं? मग ती पुडा उचलून हातात देते, पैसे घेत नाही आणि वहीतही लिहायला सांगत नाही. विकलं नाही, दिलं. सहा आठवड्यांत असं दोनदा होतं. तिघांना किलोभर मीठ तीन आठवडे पुरतं, म्हणजे दोन पुडे बरोबर बसतात. साधं मीठ सहा रुपये पुडा, दोन्हीचे बारा.

तिने दयेने दिलं की रीत म्हणून दिलं, हे तू ठरवू नकोस. तिलाही ते सांगता येणार नाही.

पण कामगार स्वत:चा हिशेब ठेवतो. खातं चालवणारा शहाणा गिऱ्हाईक दुकानदाराच्या वहीवर विसंबत नाही. खोलीत भिंतीवर नाहीतर सिगारेटच्या पाकिटाच्या आत रोजचं टिपून ठेवतो. तिघांत वाटायचं असतं, नाहीतर भांडणं होतात. त्याच्या टिपणात मीठ आहे. म्हणून त्याच्या हिशेबाने बाकी ५६२ आणि दुकानदाराच्या वहीत ५५०.

आता चिठ्ठी. तू "पिवळ्या पडलेल्या कागदावर सुवाच्य अक्षरात" लिहिलंस. तो कागद काढून टाक. चादरीच्या कारखान्यातल्या माणसाच्या हाताशी कागद नसतो, जकार्डाचं कार्ड असतं. तू लहानपणी त्याचे बाण करायचीस, तेच जाड तपकिरी पुठ्ठ्याचं. जवळपास दोन वीत लांब, चार बोटं रुंद, अंगभर भोकं. चादरीवरचा मोर नाहीतर वेल या कार्डांनी येतो. कार्डं दोऱ्याने एकाला एक ओवून माळ करतात आणि मागाच्या डोक्यावर ती फिरते. धोट्याच्या एकेका फेरीला एकेक कार्ड पुढे येतं. भोक असेल तिथे सुई आत जाते आणि तिचा ताण्याचा दोरा वर उचलला जातो. भोक नसेल तिथे सुई मागे ढकलली जाते आणि दोरा खालीच राहतो. डिझाइन बदललं की जुनी माळ उतरते आणि कार्डं कोपऱ्यात पडून राहतात. नक्षीचा मोकळा भाग विणायच्या कार्डांवर भोकं विरळ असतात. त्यातलंच एक त्याने निवडलं असणार. तरी मधे मधे भोक येतंच, आणि त्याला भोक टाळून लिहायला लागतं. एक शब्द इथे संपतो, त्याचा उरलेला तुकडा दोन बोटं पुढे. आणि लिहिलंय बॉलपेनने. शाईचं पेन असतं तर दुकानातल्या ओल्या हातांनी केव्हाच पसरून गेलं असतं.

असं कार्ड घ्यायचं आणखी एक कारण. तू लिहिलंस की त्याने चिठ्ठी "हळूच काउंटरवर ठेवली". मग दुकानदाराने तेव्हाच विचारलं असतं. त्याला पहाटे जायचंय आणि बाकी देता येत नाही, तो तोंड दाखवणार नाही. शटर खाली ओढलेलं असतं, पण फरशी आणि शटर यांच्यात फट राहते. जाड, लांब, अरुंद कार्ड त्या फटीतून सरळ आत जातं. कागद सरकवला तर दुमडतो, पुठ्ठा नाही.

आणि ती वाचली का गेली नाही? तुझ्या गोष्टीतलं सगळ्यात मोठं भोक हे आहे. तू म्हणतेस की ती वहीत "हरवली". चिठ्ठी हरवत नसते गं, कुणीतरी ठेवलेली असते. माझं म्हणणं, त्याने ती मराठीत लिहिलीच नाही. तुझ्या चिठ्ठीत "आपले ऋण या जन्मी फिटणार नाही" असं आहे. सिरसिल्ल्याचा विणकर असं मराठी लिहील? तो तेलुगूतच लिहिणार. आणि तुझा दुकानदार? पूर्व भागात चाळीस वर्षं दुकान चालवणाऱ्याला तेलुगू बोलता येतं. "बिय्यम येंता, नूने येंता" एवढंच नाही, भांडण करण्याइतपत येतं. पण लिपी येत नाही. मराठी शाळेत शिकलेल्याला ती गोलगोल अक्षरं सगळी सारखीच दिसतात.

त्याने सकाळी शटर उचललं, कार्ड मिळालं, आणि त्यावर वाचता येण्यासारखं एकच होतं. आकडा. आकडे तेलुगू माणूसही इंग्रजीतच घालतो. ५६२. त्याने वही काढली, पानावर ५५०. आता दुकानदाराच्या डोक्यात काय येईल ते बघ. गिऱ्हाइकाने बाकी कमी सांगितली असती तर त्याला लगेच कळलं असतं, लबाडी म्हणून. पण बाकी जास्त? जास्त बाकी कुणी सांगत नाही. म्हणजे हा हिशेबाचा काहीतरी वाद आहे, कुठल्या तरी दुसऱ्याच रकमेचा आकडा आहे. आणि दुपारी जॉबर सांगून जातो की तिघेही पहाटे गेले. झालं. रागाने कार्ड पानात घालतो, पानावर तिरकी रेघ ओढतो आणि "बुडीत" लिहितो. लांब अरुंद वहीत लांब अरुंद कार्ड खुणेसारखं बसून जातं. पुढे दिवाळीला वही माळ्यावर गेली.

सतरा वर्षांनी वही खाली का येते? तू "आठवणींनी व्याकूळ होऊन" ती काढलीस. दुकानदार व्याकूळ होऊन माळ्यावर चढत नाही. वाळवी लागली म्हणून चढतो. दिवाळीच्या आधी वह्या झटकायला काढतात. जुन्या वह्यांना शिलाईपाशी खळ लावलेली असते, कसर तिथून सुरू होते आणि पानांचे कणे आधी जातात. वही उचलली की पानं सुटी होऊन खाली येतात आणि त्यांच्यामधून कार्ड पडतं. कार्डाला फारसं काही झालेलं नाही, एका कोपऱ्याला वाळवीची माती तेवढी.

आता वाचायचं कसं? इथे तू शेजारच्या शाळेतल्या मास्तरांना बोलावलंस. मास्तर आले, चष्मा लावला, घडाघडा वाचलं. मास्तरांना घरी पाठव. आई आहे ना. तिचं माहेर अक्कलकोट तालुक्यातलं कर, तिकडच्या गावांत कन्नड शाळा आहेत. ती चौथीपर्यंत कन्नडमध्ये शिकलीय. कन्नड आणि तेलुगू लिपी सख्ख्या बहिणींसारख्या. ग, म, र, ल, द, न ही अक्षरं तिला ओळखीची वाटतात. क आणि त पाशी मात्र अडकते, ती वेगळ्या वळणाची आहेत. म्हणजे तिला अक्षरं लागतात, पण भाषा कळत नाही, आणि मुलाला भाषा कळते, अक्षरं लागत नाहीत. ती बोट ठेवून एकेक अक्षर उच्चारते, अर्थ न कळता. तो डोळे मिटून ऐकतो. एका चिठ्ठीला वाचायला दोघं लागतात. या प्रसंगाला तू तीन ओळी दिल्यास, तीन पानं दे.

सुरुवात अडखळत होऊ दे. भोकामुळे तुटलेला शब्द ती दोन शब्द म्हणून वाचते, त्याला काही कळत नाही. मग म्हणते, "अम्मा." हा दोघांनाही कळतो. मग म्हणते, "उप्पु." हाही दोघांना कळतो, कारण मिठाला कन्नडमध्येही उप्पु आणि तेलुगूमध्येही उप्पु. ती थांबते, "मीठ म्हणतोय." तो म्हणतो, "पुढे वाच." "उप्पु मीरु रायलेदु." याचा तिला पत्ता नाही. त्याला आहे. मीठ तुम्ही लिहिलं नाही.

त्याला पुन्हा रागच यायला हवा. मीठ लिहिलं नाही म्हणजे काय, माझ्या वहीत चूक काढतो? मग तो पानावर बोट फिरवतो, नावेची बाजू वरपासून खालपर्यंत. तांदूळ, डाळ, तेल, चिंच, मिरची, चहा, काडेपेटी. सहा आठवडे, तीन माणसं, आणि मीठ एकदाही नाही. ५६२ वजा ५५०. बारा. सहाचे दोन पुडे. हे तो बोटांवर करतो, आईला सांगत नाही. ती कार्डाकडे बघत असते.

पुढची ओळ ती वाचते, "अप्पु नेनु मरिचिपोनु." आणि हसते. कारण कन्नडमध्ये अप्पु म्हणजे मिठी मारणं. "कुणाला मिठी मारायची म्हणतोय हा?" तेलुगूत अप्पु म्हणजे उधारी, कर्ज. कर्ज मी विसरणार नाही, असं वाक्य आहे. उप्पु आणि अप्पु, पहिल्या अक्षराचाच फरक. मराठी वाचकाला मीठ आणि मिठी आपोआप दिसेल, तू तिथे बोट दाखवू नकोस. दुकानदाराने तिची चूक दुरुस्त करायची की नाही, हे मात्र तुला ठरवायला लागेल. मला विचारशील तर त्याने करू नये.

अख्खी चिठ्ठी अशी असावी, मराठीत सांगायची तर: शेट, माग बंद आहे, आम्ही गावी जातो. माझ्या हिशेबाने ५६२. मीठ अम्माने दोनदा दिलं, ते तुम्ही लिहिलं नाही. कर्ज मी विसरणार नाही. अम्माला दंडालु. खाली नाव, गाव, जिल्हा करीमनगर, आंध्र प्रदेश. यात आभार हा शब्द नाही. तू "धन्यवाद" दोनदा घातलास. खेड्यातला माणूस धन्यवाद लिहीत नाही, मराठी असो की तेलुगू. न लिहिलेल्या बारा रुपयांची आठवण करून देणं, हेच त्याचं आभार मानणं. दंडालु म्हणजे नमस्कार, आपल्या दंडवताजवळचा शब्द. तो तसाच ठेव, मराठी करू नकोस.

आणि पत्त्यात आंध्र प्रदेशच ठेव, तू तेलंगणा लिहिलंस. तेलंगण राज्य झालं २ जून २०१४ ला. २००७ च्या कार्डावर ते येणार नाही. तारीख न लिहिताही जाणता वाचक कार्डाचं वय त्यावरून ओळखेल. सिरसिल्लाही तेव्हा करीमनगर जिल्ह्यातच होतं, त्याचा वेगळा जिल्हा २०१६ साली झाला.

तुझ्या गोष्टीत दुकानदाराचा मुलगा म्हणतो की ही सही केलेली कबुली आहे, कोर्टात चालेल. पोराला तेवढं बोलू दे, निम्मं खरं आहे. उधार दिलेल्या मालाचे पैसे मागायला मुदत तीन वर्षांची. नुसती वही दाखवून कोर्टात भागत नाही, वहीतल्या नोंदीला दुसरा पुरावा जोडायला लागतो. देणेकऱ्याने मुदतीच्या आत लिहून, सही करून बाकी कबूल केली तर त्या तारखेपासून तीन वर्षं नव्याने मोजतात. म्हणजे हे कार्ड २०१० पर्यंत कामाचं होतं. ज्या तीन वर्षांत ते चाललं असतं, ती तीन वर्षं ते "बुडीत" लिहिलेल्या पानात पडून होतं, वाचता येत नव्हतं म्हणून. मुदत गेली की कोर्टातून वसूल होत नाही, पण देणं देणंच राहतं, ते पुसलं जात नाही. उद्या तो माणूस येऊन ५६२ ठेवून गेला तर दुकानदाराने घ्यायला काही अडचण नाही. पण हे सगळं पोराच्या तोंडी एका वाक्यात घाल. वकिली वाढवलीस तर आईचं वाचन मागे पडेल.

शेवट. तुझ्या शेवटात दुकानदार रडतो, मग सिरसिल्ल्याला मनीऑर्डर करतो. पैसे देणं कामगाराकडे आहे, दुकानदार कशाचे पाठवणार? ते काढ. रडणंही काढ. दुकानदार आहे, तो वहीचं काहीतरी करेल. त्याच्यापुढे दोन वाटा आहेत. एक, "बुडीत"वर आडवी रेघ मारायची आणि खाली बाकी ५५० पुन्हा लिहायची. देणेकरी म्हणतोय विसरणार नाही, तर बुडीत कसं म्हणणार? हे वहीच्या शिस्तीत बसतं. दुसरी, मिठाचे बारा नावे टाकून बाकी ५६२ करायची. हेही शिस्तीत बसतं, देणेकऱ्याने स्वत:च कबूल केलेली रक्कम आहे. पण बारा लिहायचे तर आईने दिलेलं मीठ विकलेलं ठरतं, आणि ती समोर बसलीय.

मला वाटतं त्याने पेन उघडावं, "बुडीत"वर रेघ मारावी आणि ५५० लिहावं. मग पेन मिठाच्या ओळीसाठी नावेच्या बाजूला न्यावं. आई म्हणते, "दिवे लावायची वेळ झाली, आता मिठाचं काही लिहू नकोस." तो पेन बंद करतो. एवढंच.

मधल्या बारीक दुरुस्त्या समासात पेन्सिलीने केल्यात. पान चारवर "चादरी शिवणारे कामगार" लिहिलंयस. चादर विणतात, शिवत नाहीत. बाहेरच्या वाचकाला चालेल, पण सोलापूरचा वाचक तिथेच पान मिटेल. पान सहावर दुकानदार तेल लिटरने मोजतो. सुटं तेल तेव्हा किलोवर जायचं, डबा तराजूत ठेवून. आणि आईला कुठेतरी एकदा चौथीतलं पुस्तक आठवू दे, कन्नड शाळेतलं, नाहीतर तिला अक्षरं येतात हे एकदम आभाळातून पडल्यासारखं वाटेल. ते गोष्टीच्या सुरुवातीलाच पेर. दुकानात नव्या मालाच्या पोत्यावरचं कन्नड नाव ती सहज वाचते, असं काहीतरी. विजापूरकडून ज्वारीची पोती येतातच.

तेलुगू वाक्यं इथल्या एखाद्या तेलुगू घरात ऐकवून घे, उच्चार कानाला नीट बसू दे. सिरसिल्ल्याकडची बोली हैदराबादेपेक्षाही वेगळी पडते. छापण्याआधी तिकडच्या माणसाने एकदा बघितलेलं बरं.

गोष्ट परत लिहिलीस की पोस्टाने पाठव, फोनवर नको, मला पडद्यावर वाचून डोकं चढतं. आईने शेंगाचटणी करून ठेवलीय, पुण्याला येणारं कुणी भेटलं की देतो. या खेपेला मीठ जरा कमी पडलंय म्हणते, वरून घालून घे.

तुझा,
बाबा